इंटरव्ह्यूनंतरचा मेल: बोअरचं लिही, गरजेचं नको

"नमस्कार सर. मी खानापूरची, बीई मेकॅनिकल. शिरोलीत एका मशीन शॉपमध्ये दोन वर्षं क्वालिटीत होते, घरच्या कारणानं सोडून परत आले. काल मंगळवारी उद्यमबागेत एका हायड्रॉलिक पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इंजिनियरचा इंटरव्ह्यू झाला. क्वालिटी मॅनेजर बोलता बोलता म्हणाले की सेकंड शिफ्टला व्हॉल्व्ह बॉडीचा बोअर टाइट जातोय, म्हणजे भोक मापापेक्षा लहान निघतंय. शिरोलीत मी तसंच काम केलेलं, 200 च्या लॉटमागं 9 टाइट निघायचे ते 3 वर आले, पण तिथं सांगायला सुचलंच नाही. गेज आर अँड आरवर, म्हणजे तेच माप परत परत आणि वेगळ्या ऑपरेटरनं घेतलं तर किती फरक पडतो त्या तपासणीवर, अडखळले. कन्नड येतं का विचारलं, मी थोडं म्हणाले. एचआर मॅडम आठवड्यात कळवतो म्हणाल्या. मेल असा लिहिलाय: 'मला या नोकरीची खूप गरज आहे, मी मेहनती आहे, काहीही शिकायला तयार आहे, पगाराची अट नाही, कृपया माझा विचार करावा.' पाठवू का? मागं लागल्यासारखं वाटेल का?"

हा मेल पाठवू नकोस, आजचा दिवस थांब आणि पुढचं वाच. मी या भागात क्वालिटीत बावीस वर्षं काढलीत, मच्छेला, उद्यमबागेत, मधे चार वर्षं गोकुळ शिरगावला, आणि गेली दहा-एक वर्षं टेबलाच्या पलीकडं बसून इंटरव्ह्यू घेतोय, म्हणजे असे मेल माझ्याकडं येतात आणि त्यांचं पुढं काय होतं ते मला माहीत आहे. माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून तू म्हणतोय.

पहिल्यांदा हे समजून घे की तुझा मेल जातो कुठं. तू पाठवणार एचआर मॅडमना. त्यांच्याकडं त्याच आठवड्यात स्टोअरचा माणूस, सीएनसी ऑपरेटर, अकाउंटचा क्लार्क अशा तीन-चार जागांची भरती चालू असते. तुझी निवड त्या करत नाहीत, ती करतो क्वालिटी मॅनेजर, आणि त्याच्या वर प्लँट हेड. इंटरव्ह्यू संपला की त्यांनी एका फॉर्मवर मार्क टाकलेले असतात, टेक्निकल इतके, बोलणं इतकं, शेवटी दोन ओळींचा शेरा. तुझ्या फॉर्मवर बहुतेक असं काहीतरी असेल, 'बेसिक चांगलं, गेज आर अँड आर कच्चं, कन्नड कमी'. आता एचआर मॅडम तुझा मेल मॅनेजरला फॉरवर्ड करतील, बऱ्याचदा वर एक शब्दही न लिहिता. तो मेल तो बघणार मोबाईलवर, शॉपफ्लोअरवर उभ्या उभ्या, अर्ध्या मिनिटात. तेवढ्यात त्याच्या फॉर्मवरच्या शेऱ्यात भर पडेल असं काही त्याला सापडलं तर मेलचा उपयोग, नाहीतर नाही. आणि पुढं प्लँट हेडनं विचारलं की हीच का, दुसरा पोरगा का नको, तर तोंडानं सांगता येईल असं एक वाक्य मॅनेजरच्या हातात पाहिजे. ते वाक्य तू द्यायचंस, मेल लिहायचा तो त्याच्यासाठी.

या नजरेनं तुझा ड्राफ्ट बघ. 'खूप गरज आहे', हे तो प्लँट हेडला सांगू शकत नाही. गरज सगळ्यांनाच असते की, आलेल्या दहाच्या दहा जणांना असते, त्यावरून एकाला निवडायचं कसं? आणि वाचणाऱ्याला ते जड होतं, नाही म्हटलं तर आपण कुणाचं तरी वाईट करतोय असं वाटायला लागतं, आणि ज्या गोष्टीनं जड वाटतं ती माणूस बाजूला ठेवतो. 'मेहनती आहे' यावर काही विचारताच येत नाही. मी एक सोपी परीक्षा लावतो, वाक्य वाचल्यावर समोरचा 'कसं केलं?' असं विचारू शकतो का? मेहनती आहे म्हटल्यावर कसं केलं विचारता येत नाही. 9 चे 3 केले म्हटल्यावर येतं. ज्या वाक्यावर प्रश्न येतो ते ठेवायचं, बाकीचं काढायचं.

'काहीही शिकायला तयार' यात तुझा तोटा असा की तू दोन वर्षं क्वालिटीत काम केलंयस आणि एका वाक्यात स्वतःला फ्रेशर करून टाकलंस. आणि 'पगाराची अट नाही' हे तर कधीच लिहायचं नाही. हे मी अनुभवानं सांगायलोय. माझ्या दुसऱ्या नोकरीच्या वेळी एका कंपनीला मी असंच लिहिलं होतं, घरी अडचण होती म्हणून. नोकरी मिळाली, पण इंटरव्ह्यूत जो आकडा त्यांनी स्वतः तोंडानं सांगितला होता त्याच्यापेक्षा कमी लावला, आणि मी विचारल्यावर माझाच मेल काढून दाखवला. तीन वर्षं त्या एका ओळीचा हिशोब चुकता करत होतो. पगाराचं बोलणं ऑफर आल्यावर, फोनवर किंवा समोर, मेलमध्ये त्याचं नावच नको.

आता खरा मुद्दा, बोअरचा. मॅनेजर बोलता बोलता जे म्हणाला ते तुझ्या पूर्ण इंटरव्ह्यूतलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. कुठलाही माणूस बाहेरच्याला आपल्याकडं काय बिघडलंय ते उगीच सांगत नाही, तो विषय रोज त्याच्या डोक्यात आहे म्हणून तोंडातून निघाला. आणि तुझ्याकडं त्याला जोडता येईल असं काम आहे. कंपनीला लागतं ते माझ्याकडं आहे, हे सांगणं म्हणजे एवढंच, त्याची एक अडचण आणि तुझं एक काम एकाशेजारी एक ठेवायचं. तीन-चार गुणांची यादी केलीस की एकही लक्षात राहत नाही.

पण हे लिहिताना दोन ठिकाणी घसरायला होतं. एक म्हणजे उपाय सांगून मोकळं होणं. 'तुमच्याकडं इन्सर्ट वेळेवर बदलत नसतील' असं लिहिलंस की संपलं, कारण तू त्यांचं मशीन बघितलेलं नाहीस. इन्सर्ट घासला की त्याचं टोक मागं सरकतं आणि बोअर लहान होत जातो, हे खरं, तुमच्या शिरोलीत तेच झालं असणार. पण सेकंड शिफ्टलाच टाइट जायला दुसरीही कारणं असतात. बोअर गेज मास्टर रिंगवर सेट करायचा राहिला असेल, सकाळी सेट केलेला तसाच वापरत असतील. दोन्ही शिफ्टचे ऑपरेटर गेज वेगळ्या तऱ्हेनं हलवून वाचत असतील. किंवा सकाळचा माणूस ऑफसेट देतो आणि संध्याकाळचा देत नाही. मॅनेजरनं यातलं निम्मं आधीच तपासलं असेल. म्हणून तुझं कारण काय होतं ते सांग, आणि त्यांच्याकडं पहिल्यांदा काय बघशील ते सांग, निदान करू नकोस. असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, या पोरीला तपासायचा क्रम माहीत आहे, आणि क्वालिटीच्या माणसात आम्ही शोधतो ते हेच.

दुसरं म्हणजे श्रेय. 9 चे 3 'मी' केले की 'आम्ही' केले? तू स्वतः काय केलंस ते नीट आठव. समजा तू दर 10 जॉबनंतर बोअर मोजून चार्ट भरलास, चार्टवर दिसलं की 80 जॉबच्या पुढं साइज खाली यायला लागतोय, आणि मग सुपरवायझरनं 80 ला इन्सर्ट बदलायचा नियम केला. तर तसंच लिही, चार्ट माझा, निर्णय सुपरवायझरचा. त्यानं तू लहान होत नाहीस. कोल्हापूर आणि बेळगावच्या शॉपमधली माणसं एकमेकांना ओळखतात, कुणीतरी कुणाचा तरी जुना कलीग निघतोच, एक फोन जातो आणि खरं-खोटं पाच मिनिटांत कळतं. आणि आकडा म्हणशील तर जुन्या डायरीत बघून घाल. तू लिहिलंयस 200 ला 9, ते एका लॉटचं आहे की महिनाभराच्या सरासरीचं? मॅनेजर पहिला प्रश्न हाच विचारेल.

अजून एक, शिरोलीच्या कंपनीचा चार्ट, कंट्रोल प्लॅन, ड्रॉइंग, कस्टमरचं नाव यातलं काहीही मेलला जोडायचं नाही. पुरावा म्हणून पोरं जोडतात, भाबडेपणानं. माझ्याकडं एकदा एकानं जुन्या कंपनीचं अख्खं ड्रॉइंग पाठवलं होतं, टायटल ब्लॉकसकट. पोरगा चांगला होता, पण मी घेतला नाही, कारण उद्या आमचं ड्रॉइंग पण असंच कुठंतरी जाईल. 'हाउसिंगचा बोअर' एवढं पुरे.

आता गेज आर अँड आर. अडखळलेल्या उत्तराचं मेलमध्ये काय करायचं, यावर लोकांची मतं वेगळी आहेत, काही म्हणतात झालं ते झालं, उकरू नये. मला विचारशील तर एक उत्तर दुरुस्त करावं, एकच, आणि तेही तो विषय त्या जागेच्या रोजच्या कामाचा असेल तरच. तुझ्या बाबतीत तो आहे, कारण बोअर टाइट आहे की मोजण्यातच फरक पडतोय हे बघायला आर अँड आर कामाला येतं, म्हणजे दोन्ही मुद्दे एकाच धाग्यात येतात. तीन-चार उत्तरं चुकली असती तर मी म्हटलं असतं सोड, मेलमध्ये पेपर पुन्हा लिहायचा नसतो.

तू कुठं अडखळलीस ते लिहिलं नाहीस, पण नव्वद टक्के पोरं एकाच जागी अडकतात. 10 टक्क्यांच्या आत चांगलं, 30 च्या वर चालत नाही, एवढं पाठ असतं, आणि मी विचारतो 18 आलं तर? मग गप्प. मधलं उत्तर असं, 10 ते 30 मधे आलं तर ते मोजमाप किती महत्त्वाचं, गेज बदलायचा खर्च किती, कस्टमर मान्य करतो का, यावर ठरतं, सरसकट चालतं असंही नाही आणि नाही असंही नाही. साधारण पद्धत 10 जॉब, 3 ऑपरेटर, प्रत्येकी 2 किंवा 3 वेळा मोजायचं, आणि जॉब सगळे एकाच साइजचे निवडायचे नाहीत, प्रोसेसमध्ये जेवढा फरक पडतो तेवढा त्यात यायला पाहिजे. हे तुला येत असेल तर मेलमध्ये एक-दोन वाक्यं घाल. पण लक्षात ठेव, मेलमध्ये घातलेल्या विषयावर पुढच्या राउंडला प्रश्न येणारच. 18 टक्के कशाचे, टॉलरन्सचे की एकूण फरकाचे, हे विचारतील, आणि एनडीसी, म्हणजे गेज जॉबचे किती वेगळे गट ओळखतो तो आकडा, किती पाहिजे विचारतील, ते 5 किंवा जास्त. हे तोंडावर नसेल तर आर अँड आरचा मुद्दा घालूच नकोस, बोअरचा एकटा पुरे आहे. आणि दुरुस्ती करताना माफी मागत बसू नकोस. 'काल मी खूप नर्व्हस होते, सॉरी सर' हे वाचून मॅनेजरला फक्त नर्व्हस एवढंच आठवतं. उत्तर अर्धं राहिलं होतं, पूर्ण असं आहे, बास.

कन्नडचा प्रश्न आपल्या भागात खरा आहे, त्याला टाळू नकोस. शॉपफ्लोअरवर खानापूर, बेळगुंदीकडची पोरं मराठी बोलतात, बैलहोंगल, गोकाककडची कन्नड, आणि मेल, रिपोर्ट, कस्टमर सगळं इंग्लिश. मॅनेजरनं विचारलं ते भाषेच्या अभिमानापोटी विचारलं असेल असं धरू नकोस, त्याला बघायचं होतं की सेकंड शिफ्टचा ऑपरेटर काय सांगतोय ते या पोरीला कळेल का. 'थोडं' हे उत्तर खरं असलं तरी त्यानं काही कळत नाही. थोडं म्हणजे काय? बोललेलं कळतं का? बोर्डावरचं वाचता येतं का? खानापूरच्या शाळेत शिकली असशील तर कन्नड विषय असणारच, वाचता येत असेल. मग तेच लिही, ऑपरेटरचं बोलणं समजतं, लिहिलेलं वाचता येतं, उलट बोलताना अजून अडते. खोटं फाडफाड येतं म्हणून लिहिलंस तर पुढच्या राउंडला ते सरळ कन्नडमध्ये सुरुवात करतील. एका वाक्यात हे बसतं.

येण्या-जाण्याचं, शिफ्टचं तुला विचारलं होतं का ते तू सांगितलं नाहीस. विचारलं असेल आणि उत्तर गुळमुळीत दिलं असशील तरच एक वाक्य घाल. खानापूर पंचवीस-एक किलोमीटर, मुलगी सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी जाणार कशी, हा विचार त्यांच्या मनात येतो, तोंडानं बोलोत न बोलोत. टिळकवाडीत मावशीकडं राहायची सोय असेल, कंपनीची बस लागत असेल, जे खरं असेल ते. विचारलंच नसेल तर आपणहून काढू नकोस, नसलेली शंका आपणच लिहून द्यायची नाही.

एवढं सगळं मिळून मेल कसा होईल ते बघ. मेल इंग्लिशमध्येच जाईल, कारण त्यांचा कॉल लेटर इंग्लिशमध्ये आला असणार, पण मी इथं मुद्दाम मराठीत देतोय, म्हणजे तू तो कॉपी न करता तुझ्या इंग्लिशमध्ये उतरवशील. इंटरव्ह्यूत तू जशी बोललीस तशीच भाषा मेलमध्ये दिसली पाहिजे, एकदम पुस्तकी इंग्लिश आलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की दुसऱ्यानं लिहून दिलंय.

> नमस्कार मॅडम,
>
> मंगळवारी क्वालिटी इंजिनियरच्या जागेसाठी वेळ दिलात त्याबद्दल तुमचे आणि सरांचे आभार.
>
> सरांनी सेकंड शिफ्टला व्हॉल्व्ह बॉडीचा बोअर टाइट जातो असं सांगितलं. शिरोलीत हाउसिंगच्या बोअरला आमच्याकडं असंच होतं. दर 10 जॉबला मोजून मी चार्ट ठेवला, त्यात 80 जॉबनंतर साइज खाली येताना दिसला, आणि सुपरवायझरनी 80 ला इन्सर्ट बदलायचं ठरवल्यावर 200 च्या लॉटमागं टाइट जॉब 9 वरून 3 वर आले. तुमच्याकडं कारण वेगळं असू शकेल, मी सुरुवात दोन्ही शिफ्टचं गेज सेटिंग आणि इन्सर्ट बदलाची नोंद शेजारी ठेवून करेन.
>
> गेज आर अँड आरचं माझं उत्तर अर्धं राहिलं होतं. 10 ते 30 टक्क्यांमधला निकाल मोजमापाचं महत्त्व, खर्च आणि कस्टमरची मान्यता बघून ठरतो.
>
> कन्नडबद्दल विचारलं होतं: ऑपरेटरचं बोलणं मला समजतं आणि वाचता येतं, बोलण्याचा सराव अजून हवा.
>
> आणखी काही माहिती किंवा कागद हवे असल्यास कळवा.

खाली नाव आणि मोबाईल नंबर. झाला मेल, इंग्लिशमध्ये दीडशे शब्दांच्या आसपास बसेल, मोबाईलच्या दोन स्क्रीन. बघ, यात 'मी या जागेसाठी योग्य आहे' असं कुठंच म्हटलेलं नाही, म्हणायची गरज पडली नाही. 'आशा करते', 'वाट बघतेय', 'कृपया विचार करावा' काही नाही. शेवटच्या ओळीतही मागणं नाही, देणं आहे, माहिती हवी तर देते. अगतिकपणा हा एका शब्दात नसतो, मेलभर मागणंच मागणं असलं की तो येतो. आणि उलटं पण सांगतो, काही पोरं अगतिक दिसू नये म्हणून एवढा ताठ मेल लिहितात की आपण यांच्यावर उपकार करतोय की काय असं वाटतं. नोकरीत रस आहे हे लपवायचं कारण नाही, पहिल्या ओळीत 'काम ऐकून मला ते करावंसं वाटलं' असं एक वाक्य घालायचं असेल तर खुशाल घाल. एकदा म्हटलं तर चांगलं दिसतं, तिसऱ्यांदा म्हटलं की विनवणी होते.

पाठवायचं कसं, तर त्यांनी इंटरव्ह्यूला बोलावलेला जो मेल आहे त्यालाच रिप्लाय कर. विषयाची ओळ बदलू नकोस, म्हणजे एचआर मॅडमना तुझा बायोडाटा, तारीख, जागा सगळं खालीच दिसेल, शोधावं लागणार नाही. त्या मेलच्या सीसीमध्ये मॅनेजर असेल तर रिप्लाय ऑल, नसेल तर त्याचा पत्ता अंदाजानं बनवून पाठवू नकोस. इंटरव्ह्यू काल झालाय, तेव्हा आज संध्याकाळी पाचच्या आत नाहीतर उद्या सकाळी दहाच्या सुमाराला. मी सकाळचं म्हणेन, आज रात्री लिही, झोप, सकाळी एकदा मोठ्यानं वाच आणि पाठव. रात्री अकराला पाठवलेला मेल सकाळच्या ढिगात खाली जातो. उद्या कंपनीला सुट्टी तर नाही ना तेवढं बघ, आपल्याकडं साप्ताहिक सुट्टी सगळ्यांची रविवारीच असते असं नाही.

उत्तर येईलच असं धरू नकोस. आम्ही बऱ्याचदा अशा मेलला उत्तर देत नाही, वाचतो आणि फॉर्मला जोडतो, त्याचा अर्थ नाही असा होत नाही. त्यांनी आठवडा म्हटलंय म्हणजे पुढचा मंगळवार. बुधवारी सकाळी लगेच विचारू नकोस, कारण आठवडा म्हणजे कंपनीत दहा दिवस होतात, मधे कस्टमरचं ऑडिट लागतं, प्लँट हेड बाहेरगावी असतो, सही राहते. गुरुवारी किंवा शुक्रवारी त्याच मेलच्या साखळीत तीन ओळी: अमुक तारखेला इंटरव्ह्यू झाला होता, निर्णय केव्हापर्यंत अपेक्षित आहे ते कळलं तर बरं होईल, माझ्याकडून काही राहिलं असेल तर सांगा. बोअर, आर अँड आर काही परत लिहायचं नाही, ते खाली साखळीत आहेच. त्यालाही उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एचआर मॅडमना ऑफिसच्या वेळेत एक फोन, आणि तिथं थांब. मेल, मग व्हॉट्सअॅप, मग लिंक्डइन, मग ओळखीच्या काकांकडून निरोप, असं चारी बाजूंनी गेलं की तुझा पहिला चांगला मेल पण त्यातच वाहून जातो. ओळखीच्या निरोपाचं तर विशेष सांगतो, आपल्याकडं घरचे प्रेमापोटी हे करतात, पण मॅनेजरनं तुला मेल वाचून निवडायचं ठरवलं असेल आणि त्याच दिवशी वरून कुणाचा फोन आला, तर त्याला वाटतं ही वशिल्याची आहे.

दुसरीकडून ऑफर आली तर मात्र लगेच कळव, तारीख खरी असेल तर. 'मला दुसरी ऑफर आलीय, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, त्याआधी तुमचा निर्णय कळू शकेल का.' एवढंच. नसलेली ऑफर मात्र बनवू नकोस, एखादी एचआर 'मग ती घ्या' म्हणते आणि विषय संपतो.

एक मर्यादा पण सांगून ठेवतो. हा मेल पडलेला इंटरव्ह्यू उचलत नाही. फॉर्मवर तुझ्या नावापुढं सरळ नको लिहिलं असेल तर मेलनं ते होय होत नाही. फरक पडतो तो दोन जण जवळजवळ सारखे असताना, आणि तू सांगतेस त्यावरून तू त्या जागी असण्याची शक्यता आहे, कारण ज्याला घ्यायचंच नाही त्याच्याशी मॅनेजर आपल्या बोअरचं बोलत बसत नाही. आणि दहा-पंधरा माणसांच्या छोट्या युनिटमध्ये इंटरव्ह्यू असता, जिथं मालकच सगळं बघतो आणि मेल आठवड्यातून एकदा उघडतो, तर मी तुला म्हटलं असतं की त्यांनी ज्या व्हॉट्सअॅप नंबरवरून बोलावलं त्यावरच बोअरचा एक परिच्छेद पाठव, बाकी सगळं गाळ. तुझी कंपनी त्यातली दिसत नाही, एचआर वेगळी आहे म्हणजे मेलच.

तर आज रात्री शिरोलीची डायरी काढ, 9 आणि 3 हे कुठल्या लॉटचे, 80 हा आकडा बरोबर आहे का तेवढं बघ. माझ्या मसुद्यातला 80 आणि दर 10 जॉब मी समजुतीसाठी धरलेत, तुझे वेगळे असतील तर तुझेच घाल. इंग्लिश मजकूर झाला की इथं टाक, आकडे आणि कंपनीचं नाव झाकून, सकाळी साडेनऊच्या आत टाकलास तर मी कामावर जायच्या आधी बघून सांगतो.